लाल अक्षरांतला नकार बरा

एका एक्सचेंजवरचं बिटकॉइन दुसरीकडे पाठवायला घेतलं, समोरच्याने दिलेला पत्ता चिकटवला आणि खाली लाल अक्षरांत `Invalid address` असं उमटलं, की माणूस चक्रावतो. पत्ता हाताने टाइप केलेला नसतो, जसाच्या तसा कॉपी केलेला असतो. समोरचा सांगतो, याच पत्त्यावर काल मला पैसे आले. मग चूक कुणाची? बहुतेक वेळा कुणाचीच नसते. पाठवणाऱ्याच्या प्लॅटफॉर्मचं सॉफ्टवेअर जुनं असतं, त्याला नव्या धाटणीचा पत्ता वाचता येत नाही, म्हणून ते हात वर करतं. यात एक पैसाही हलत नाही. वैताग येतो, वेळ जातो, एवढंच.

पैसे अडकतात किंवा कायमचे जातात, ते सॉफ्टवेअर पत्ता मुकाट्याने स्वीकारतं तेव्हा. पत्ता योग्य दिसतो, व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदला जातो, पुष्टीही मिळते आणि ज्याच्यासाठी पाठवले त्याच्या खात्यात मात्र काही दिसत नाही. या दोन प्रसंगांतला फरक नीट कळला, तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे आपोआप उमगतं. त्यासाठी पत्ता म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करावी लागेल.

बिटकॉइनचा पत्ता खाते क्रमांकासारखा दिसतो, पण त्यामागे कुठलंही खातं नसतं. तो एका कुलपाचं वर्णन असतो. पैसे पाठवणारा खरं तर एवढंच सांगतो, की ही रक्कम अमुक जातीच्या कुलपात ठेव, आणि ते ज्याला उघडता येईल त्यालाच ती पुढे खर्च करू दे. नेटवर्कवरचे हजारो संगणक, म्हणजे नोड, प्रत्येक खर्चाच्या वेळी हे कुलूप नियमाप्रमाणे उघडलं की नाही ते तपासतात. पत्त्याची सुरुवातीची अक्षरं कुलपाची जात सांगतात आणि पुढची अक्षरं त्या विशिष्ट कुलपाचा ठसा असतात.

आज बिटकॉइनमध्ये चार जाती रोजच्या वापरात भेटतात. खालचे चारही पत्ते एकाच गुप्त किल्लीपासून तयार झाले आहेत:

```
1BgGZ9tcN4rm9KBzDn7KprQz87SZ26SAMH
3JvL6Ymt8MVWiCNHC7oWU6nLeHNJKLZGLN
bc1qw508d6qejxtdg4y5r3zarvary0c5xw7kv8f3t4
bc1p0xlxvlhemja6c4dqv22uapctqupfhlxm9h8z3k2e72q4k9hcz7vqzk5jj0
```

यांवर चुकूनही पैसे पाठवू नका. यांची गुप्त किल्ली म्हणजे चक्क १ हा आकडा आहे. तपासणीची उदाहरणं म्हणून हे पत्ते जगभर माहीत आहेत, त्यामुळे इथे आलेली रक्कम कुणीही क्षणात उचलेल. समजून घ्यायला मात्र ते उत्तम आहेत.

`1` ने सुरू होणारा पत्ता मूळचा, बिटकॉइनच्या जन्मापासूनचा. त्यात सार्वजनिक किल्लीचा २० बाइटचा ठसा असतो. `3` चा पत्ता २०१२च्या एप्रिलपासून आला. त्यात किल्लीचा ठसा नसून एका छोट्या नियमावलीचा, म्हणजे स्क्रिप्टचा ठसा असतो. आत काय नियम लिहिलाय हे बाहेरून कळत नाही. तीनपैकी दोघांच्या सह्या हव्यात असा नियम असेल, किंवा दुसराच काही. पुढचा सगळा घोळ या न दिसण्यातून होतो, म्हणून हे लक्षात ठेवा. `bc1q` चा पत्ता सेगविटचा. ही सुधारणा २४ ऑगस्ट २०१७ला लागू झाली. आणि `bc1p` चा पत्ता टॅपरूटचा, नोव्हेंबर २०२१पासूनचा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. आपलं वॉलेट `1` चं आणि समोरचं `bc1q` चं, म्हणून पैसे पोचणार नाहीत, असं अनेकांना वाटतं. बिटकॉइनच्या नेटवर्कला असली जातपात मान्य नाही. कुठल्याही जातीच्या कुलपातली रक्कम कुठल्याही जातीच्या कुलपात जाऊ शकते. अडथळा असतो तो दोन टोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये. पाठवणाऱ्याला पत्ता वाचता यायला हवा आणि घेणाऱ्याने त्या कुलपावर नजर ठेवलेली असायला हवी.

आता नकाराकडे वळू. जुनं सॉफ्टवेअर `bc1` पाहून थांबतं, कारण हे पत्ते वेगळ्याच लिपीत लिहिलेले असतात. `1` आणि `3` च्या पत्त्यांत लहानमोठी मिळून ५८ चिन्हं वापरतात. शून्य, मोठा O, मोठा I आणि छोटा l ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हं त्यातून वगळली आहेत. शेवटी चार बाइटचा चेकसम असतो, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तर पत्ता जवळपास हमखास पकडला जातो. `bc1` चे पत्ते ३२ चिन्हांच्या बेक३२ पद्धतीने लिहितात आणि त्यांचा चेकसम वेगळ्या गणिताचा असतो. ज्याला हे गणित शिकवलेलंच नाही, ते सॉफ्टवेअर नाही म्हणणारच.

टॅपरूटच्या वेळी हा नकार मुद्दाम घडवून आणला गेला, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बेक३२मध्ये एक खोट सापडली होती. पत्ता `p` या अक्षराने संपत असेल, तर त्या `p` च्या अगोदर एखादा `q` घुसवला किंवा तिथला काढला तरी चेकसम बरोबरच येत होता. सेगविटच्या पहिल्या आवृत्तीत पत्त्याची लांबी ठरलेली होती, त्यामुळे निभावलं. पुढच्या आवृत्त्यांसाठी मात्र हे धोक्याचं होतं. म्हणून टॅपरूटसाठी चेकसममधला एक स्थिरांक बदलला आणि या सुधारित पद्धतीला बेक३२एम असं नाव मिळालं. परिणाम असा, की फक्त जुनं बेक३२ जाणणाऱ्या प्लॅटफॉर्मवर `bc1p` चा पत्ता टाकला तर चेकसम जुळत नाही आणि व्यवहार पहिल्याच पायरीवर अडतो. अर्धवट समजून पैसे भलतीकडे धाडण्यापेक्षा साफ नकार देणं बरं, असा विचार करून रचनाकारांनी हे केलं.

अडचण सुरू होते ती माणसाने या नकारावर उपाय शोधल्यावर. पत्ता एका जातीतून दुसऱ्या जातीत बदलून देणारी साधनं सहज मिळतात. समजा, एका एक्सचेंजने तुम्हाला जमा करण्यासाठी `bc1q` चा पत्ता दिला, आणि ज्या जुन्या प्लॅटफॉर्मवरून तुम्ही पाठवताय तो `bc1q` घेत नाही. कुणीतरी सांगतं, पत्ता `1` च्या जातीत बदलून घे, आतला ठसा तोच राहतो. हे म्हणणं खोटं नाही. वरच्या पहिल्या आणि तिसऱ्या पत्त्यात खरोखरच हाच एक ठसा आहे:

```
751e76e8199196d454941c45d1b3a323f1433bd6
```

तुम्ही पत्ता बदलता, जुना प्लॅटफॉर्म तो आनंदाने घेतो, पैसे निघतात. ब्लॉक एक्सप्लोररवर सहा पुष्ट्या दिसतात. एक्सचेंजवरच्या खात्यात मात्र शून्य.

घडलं असं, की एक्सचेंजची यंत्रणा ब्लॉकचेनमधल्या प्रत्येक व्यवहारात आपल्या ग्राहकांची कुलपं शोधत असते, आणि तिच्याकडच्या यादीत तुमच्या नावापुढे सेगविट जातीचं कुलूप लिहिलंय. त्याच किल्लीचं जुन्या जातीचंही एक कुलूप असू शकतं, हे त्या यादीत नाही. रक्कम त्या दुसऱ्या कुलपात पडून आहे. किल्ली एक्सचेंजच्याच ताब्यात आहे आणि ती हे कुलूप उघडू शकते. नेटवर्कच्या दृष्टीने काहीच हरवलेलं नाही. पण ते उघडायला एक्सचेंजच्या माणसाला नेहमीची यंत्रणा बाजूला ठेवून, सुरक्षित जागी ठेवलेली किल्ली वापरून, हाताने व्यवहार बनवावा लागतो. कुणी हे शुल्क घेऊन करतं, कुणी ठराविक रकमेच्या खाली हात लावत नाही, कुणी सरळ नाही म्हणतं. स्वतःच्या वॉलेटच्या बाबतीत हे घडलं असतं, तर तीच किल्ली जुन्या जातीचे पत्ते जाणणाऱ्या वॉलेटमध्ये आणून रक्कम काढता आली असती. किल्ली दुसऱ्याच्या हातात असली, की तुमचा पैसा त्याच्या मर्जीवर.

शिवाय ही अदलाबदल सगळीकडे चालत नाही. `bc1q` ने सुरू होणारा पण ४२ऐवजी ६२ अक्षरांचा पत्ता असेल, तर त्यात ३२ बाइटचा ठसा असतो, आणि `1` च्या पत्त्यात २० बाइटच मावतात. टॅपरूटच्या पत्त्यात तर ठसाच नसतो, एक सार्वजनिक किल्लीच जशीच्या तशी असते. अशा पत्त्यांची जुन्या जातीतली जोडी निघतच नाही. कुणी काढून दिलीच, तर ती कुणाचीही नसेल.

इथपर्यंतचं प्रकरण बिटकॉइनच्या बिटकॉइनमध्येच घडलं. सगळ्यात वाईट प्रसंग आला तो दोन चलनांच्या सीमेवर, आणि तोही साध्या, ओळखीच्या `3` च्या पत्त्यामुळे.

१ ऑगस्ट २०१७ला बिटकॉइनची साखळी दुभंगली आणि बिटकॉइन कॅश हे वेगळं चलन निघालं. सेगविट नको असलेल्यांनी ते काढलं, त्यामुळे त्यात सेगविट कधीच आलं नाही. पत्त्यांची पद्धत मात्र त्यांनी मूळचीच ठेवली. बिटकॉइनचा `1` किंवा `3` चा कुठलाही पत्ता बिटकॉइन कॅशमध्येही चेकसमसकट वैध होता. पत्त्याकडे पाहून तो कुठल्या साखळीचा, हे सांगण्याची सोयच नव्हती.

त्याच महिन्यात बिटकॉइनवर सेगविट सुरू झालं. `bc1q` वाचणारी सॉफ्टवेअर तेव्हा फारशी नव्हती, म्हणून अनेक वॉलेटांनी मधला मार्ग काढला. सेगविटचं कुलूप `3` च्या वेष्टनात गुंडाळलं. पाठवणाऱ्याला नेहमीचा `3` चा पत्ता दिसतो, त्याचं जुनं सॉफ्टवेअर तो घेतं आणि घेणाऱ्याला सेगविटचं कमी शुल्क मिळतं. मागची सोय टिकवत पुढे जाण्याची ही कल्पना हुशारीची होती. वर दिलेला दुसरा पत्ता याच प्रकारचा आहे. त्याच्या वेष्टनात दडलेली नियमावली इतकीच आहे:

```
0014751e76e8199196d454941c45d1b3a323f1433bd6
```

आता समजा, कुणीतरी एक्सचेंजवरचं बिटकॉइन कॅश काढायला घेतलं आणि नजरचुकीने स्वतःच्या बिटकॉइन वॉलेटमधला हा `3` चा पत्ता टाकला. लाल अक्षरं उमटली नाहीत. पत्ता वैध, चेकसम बरोबर. रक्कम बिटकॉइन कॅशच्या साखळीवर त्या कुलपात जाऊन बसली. वॉलेटमध्ये ती दिसत नाही, कारण वॉलेट त्या साखळीवर सेगविट शोधतच नाही.

वरची ओळ दोन्ही साखळ्यांवरचे नोड कसे वाचतात ते पाहा. बिटकॉइनचा नोड सुरुवातीचं `0014` पाहून ओळखतो, की हे सेगविट आहे. पुढच्या २० बाइटना तो किल्लीचा ठसा मानतो आणि त्या किल्लीची सही मागतो. सही नाही तर पैसे नाहीत. बिटकॉइन कॅशच्या नोडला हा नियम माहीतच नाही. तो ओळ अक्षरशः वाचतो. `00` म्हणजे रिकामी किंमत मांडून ठेव. `14` म्हणजे, सोळाच्या मोजणीत, पुढचे २० बाइट उचलून तिच्यावर ठेव. ओळ संपली. आता वरच्या टोकाला शून्य नसलेलं काहीतरी आहे ना? आहे. मग अट पूर्ण झाली, खर्च मंजूर. सही कुणी मागितलीच नाही.

म्हणजे एका साखळीवर भक्कम असलेलं कुलूप दुसऱ्या साखळीवर नुसतं अडकवलेलं होतं. हा अपघात नव्हता, सेगविटच्या रचनेतच ते होतं. सेगविट जुन्या नोडना न तोडता आणायचं होतं. त्यासाठी नवं कुलूप जुन्या नोडना कुणालाही उघडता येईल असं दिसावं आणि बहुसंख्य नव्या नोडनी मात्र सहीचा हट्ट धरावा, अशी ती योजना होती. बिटकॉइनवर नवे नोड राखण करतात, म्हणून ती नीट चालते. बिटकॉइन कॅश हे, सेगविटच्या बाबतीत, सगळ्याच जुन्या नोडांचं नेटवर्क. तिथे राखण करणारं कुणीच नाही.

तरीही प्रत्येकाचे पैसे लगेच गेले नाहीत, आणि त्याचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. पत्त्यात नियमावलीचा केवळ ठसा असतो, नियमावली नाही. कुलूप उघडणाऱ्याला वरची पूर्ण ओळ सादर करावी लागते, आणि ती सार्वजनिक किल्ली माहीत असल्याशिवाय बनत नाही. ही किल्ली जगापुढे केव्हा येते? मालक बिटकॉइनच्या साखळीवर त्या पत्त्यातून पहिल्यांदा खर्च करतो तेव्हा. तो व्यवहार कायमचा नोंदला जातो आणि नियमावलीची ओळही त्यात कायमची उघडी पडते. त्यानंतर ती कॉपी करून दुसऱ्या साखळीवर वापरायला कुणालाही कसलीच बुद्धी लागत नाही.

यातून एक अत्यंत महत्त्वाची सूचना निघते, आणि ती मला ठळकपणे सांगाविशी वाटते. तुमच्याकडून बिटकॉइन कॅश अशा वेष्टनातल्या सेगविट पत्त्यावर गेलं असेल, पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असेल आणि त्यातून तुम्ही बिटकॉइन अजून एकदाही खर्च केलं नसेल, तर त्या पत्त्यावरचं बिटकॉइन हलवू नका. ते हलवलं त्या क्षणी दुसऱ्या साखळीवरच्या रकमेचं गुपित फुटतं. माणसं घाबरून नेमकं हेच करतात, उरलेले पैसे सुरक्षित जागी हलवायला जातात. एक्सचेंजने दिलेला `3` चा पत्ता असेल तर हा उपाय हातात उरत नाही, कारण ग्राहकांची जमा रक्कम एक्सचेंज नियमितपणे मुख्य तिजोरीत ओढून घेत असते आणि त्या व्यवहारात ओळ उघडी पडून गेलेली असते.

पुढे या अडकलेल्या रकमांवर आणखी एक संकट आलं. १५ नोव्हेंबर २०१८च्या सुधारणेत बिटकॉइन कॅशने नियम केला, की स्क्रिप्ट संपताना मांडणीवर एकच वस्तू उरली पाहिजे. मघाची ओळ दोन वस्तू ठेवते, रिकामी किंमत आणि ठसा. त्यामुळे अशी सगळी कुलपं एका फटक्यात कुणालाच उघडता येईनाशी झाली, मालकालासुद्धा. चोरांपासून रक्कम वाचली, पण गोठली. सहा महिन्यांनी, १५ मे २०१९च्या सुधारणेत, फक्त या सेगविट नियमावलीसाठी अपवाद करून वाट पुन्हा मोकळी केली गेली. लगेचच दोन मोठ्या मायनिंग पूलनी एका अनोळखी मायनरचे ब्लॉक मागे सारले, कारण त्याने अशाच रकमा उचलायला घेतल्या होत्या. साखळीचा इतिहास दोन ब्लॉकपुरता फिरवला गेला. त्या कृतीवर तेव्हा बरीच टीका झाली. चोरी थांबवायची म्हणून का होईना, दोन पूल मिळून नोंदी उलटवू शकतात, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. माझ्या मते ती टीका रास्त होती.

तेव्हापासून परिस्थिती अशी आहे. किल्ली तुमच्याकडे असेल तर रक्कम काढणं शक्य आहे. बहुतेक वॉलेटांत ही वेष्टनातली सेगविट किल्ली `m/49'/0'/0'` या मार्गावर असते. तिथून सार्वजनिक किल्ली मिळवायची, तिचा ठसा काढायचा, अगोदर `0014` लावून नियमावली तयार करायची आणि ती घालून बिटकॉइन कॅशचा व्यवहार हाताने बांधायचा. मात्र साधे नोड असा व्यवहार पुढे पाठवत नाहीत, तो थेट एखाद्या मायनरकडे न्यावा लागतो. आणि इथे खरी गोम आहे. व्यवहारात सही नसल्यामुळे, पैसे कुठे जावेत हेही कुठल्याच सहीने बांधलेलं नाही. मायनरच्या हाती ओळ पडली, की तो तुमचा पत्ता काढून स्वतःचा टाकू शकतो आणि नेटवर्क ते बिनतक्रार मान्य करेल. शेवटी विश्वास ठेवायचा तो एका माणसावर.

हा धडा पाहून बिटकॉइन कॅशने १४ जानेवारी २०१८पासून स्वतःची वेगळी पत्तापद्धत वापरात आणली. तिचे पत्ते `bitcoincash:` या उपसर्गाने सुरू होतात आणि पुढे `q` किंवा `p` येतो. लाइटकॉइननेही स्वतःच्या `3` च्या पत्त्यांऐवजी `M` ने सुरू होणारे पत्ते याच कारणासाठी आणले. बिटकॉइनच्या वॉलेटला `bitcoincash:` चा पत्ता दाखवा, ते नकार देईल. बिटकॉइन कॅशच्या वॉलेटला `bc1q` दाखवा, तेही नकार देईल. दोन्ही बाजूंना भिंत उभी राहिली. पण मागची सोय म्हणून बिटकॉइन कॅशची बरीच सॉफ्टवेअर जुना `3` चा पत्ताही घेतात आणि आतल्या आत नव्या पद्धतीत बदलून वापरतात. त्या खिडकीतून हा जुना अपघात अजूनही घडू शकतो.

प्रत्येक `3` चा पत्ता धोक्याचा असतो असं मात्र नाही. आत साधा अनेक सह्यांचा नियम असेल, तर तो दोन्ही साखळ्यांवर सारखाच वाचला जातो. किल्ल्या असलेल्यांना बिटकॉइन कॅश तिथून रीतसर काढता येतं आणि परक्याला ते उघडत नाही. आत सेगविट आहे की साध्या सह्या, हे नुसत्या पत्त्यावरून सांगता येत नाही. ज्याने पत्ता बनवला त्यालाच ठाऊक असतं.

आता रक्कम पाठवली आणि पोचली नाही, तर आपण कुठल्या प्रसंगात आहोत हे कसं ओळखायचं? पाठवलेल्या प्लॅटफॉर्मवरून व्यवहार क्रमांक घ्या आणि ज्या चलनाची रक्कम पाठवली त्याच साखळीच्या ब्लॉक एक्सप्लोररवर तो टाका. बिटकॉइन कॅश पाठवून बिटकॉइनच्या एक्सप्लोररवर शोधणारे खूप असतात. तिथे काहीच सापडत नाही आणि उगीच धाबं दणाणतं. व्यवहार क्रमांकच मिळत नसेल तर रक्कम अजून निघालेलीच नाही. व्यवहार दिसत असेल, तर त्यात आपली रक्कम ज्या ओळीत आहे तिथे ती खर्च झाली आहे की पडून आहे ते पाहा. पडून असेल तर बोलण्यासारखं काही आहे. अनोळखी पत्त्याकडे खर्च झाली असेल, तर अगोदर घेणाऱ्या एक्सचेंजला विचारा, कारण कधीकधी त्यांच्याच यंत्रणेने ती ओढून घेतलेली असते. ती त्यांनी घेतलेली नसेल, तर मिळण्याची आशा फारशी उरत नाही.

एक्सचेंजला लिहिताना पैसे आले नाहीत एवढंच लिहू नका. कुठली साखळी, व्यवहार क्रमांक, त्यातली कितवी ओळ, तुम्ही आम्हाला दिलेला पत्ता हा, आणि प्रत्यक्षात रक्कम ज्या पत्त्यावर गेली तो हा, असं मांडा. दोन पत्त्यांतला ठसा एकच असेल तर तेही लिहा. उत्तर देणाऱ्याला तांत्रिक विभागाकडे नेमकं काय पाठवायचं ते यातून कळतं. या काळात रक्कम काढून देतो असं सांगणारे लोक आपणहून संपर्क करतात आणि वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द मागतात. एक्सचेंजच्या किल्लीतली रक्कम तुमच्या शब्दांनी निघूच शकत नाही, त्यामुळे ते शब्द मागणाऱ्याला तुमच्या इतर पैशांत रस आहे, हे उघड आहे.

मुळात नकार मिळाला तेव्हाच काय करायला हवं होतं? पत्ता बदलणाऱ्या साधनाकडे न जाता, ज्याला पैसे घ्यायचेत त्याच्याकडे परत जायला हवं होतं. बऱ्याच वॉलेटांत आणि काही एक्सचेंजांत जमा करण्याच्या पानावरच पत्त्याची जात निवडायची सोय असते. तिथून मिळालेला `3` किंवा `1` चा पत्ता त्यांच्या यादीत असतो, म्हणून तो सुरक्षित. तशी सोय नसेल तर मध्ये स्वतःचं वॉलेट घ्यावं. जुन्या प्लॅटफॉर्मवरून आपल्या वॉलेटच्या जुन्या जातीच्या पत्त्यावर, आणि तिथून `bc1q` किंवा `bc1p` वर. एक जादा व्यवहाराचं शुल्क पडेल.

अगोदर थोडी रक्कम पाठवून पाहण्याचा सल्ला सगळे देतात आणि तो योग्यच आहे, पण अर्धा पाळला तर निरुपयोगी ठरतो. एक्सप्लोररवर पुष्ट्या दिसल्या म्हणजे चाचणी यशस्वी झाली असं नाही. वर पाहिलेल्या दोन्ही अपघातांत पुष्ट्या मिळालेल्याच होत्या. समोरच्या खात्यात रक्कम जमा दिसेपर्यंत थांबायला हवं. शिवाय अनेक एक्सचेंज किमान जमा रकमेची मर्यादा ठेवतात आणि त्याखालची रक्कम खात्यात दाखवतच नाहीत, तेव्हा चाचणीची रक्कम त्या मर्यादेच्या वरच हवी. ही मर्यादा जमा करण्याच्या पानावर, बहुधा पत्त्याच्या खालीच, बारीक अक्षरांत लिहिलेली असते.